कानबाईच्या आठवड्यातली कॅप्सूल

आमच्या घरात वाचायला शिकण्यासाठी पाटी लागली नाही, पत्रकं पुरली. माझे वडील, आप्पा, सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या लूमवर होते आणि कामगारांच्या सभेची पत्रकं वाटायचं काम त्यांच्याकडे असे. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांचे गठ्ठे आमच्या गोडादऱ्याच्या खोलीत पलंगाखाली पडलेले असत. त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येऊ लागलं. पुढे मी छपाईच्या दुकानात अक्षरजुळणीला लागले. दिवसभर साड्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका जुळवायच्या आणि वेळ उरला की आपली पत्रकं. अजूनही काही चुकीचं दिसलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, विचार नंतर येतो.

वहिनीचा चेहरा हा सुरुवातीला माझ्यासाठी असाच एक मथळा होता.

दादाशी लग्न होऊन ती शिरपूरकडून आली तेव्हा गालांवर चार-दोन फोड होते. सुरतेत दीड वर्ष काढल्यावर जबड्यापासून मानेपर्यंत गाठी झाल्या. पिकून तटतटणाऱ्या, हात लागला तरी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. पाठीवरही तसंच. उताणं झोपता यायचं नाही. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. साडी पोचवायला जाताना तोंडाला ओढणी बांधायची आणि सुरतेच्या उन्हात कोणाला त्यात नवल वाटायचं नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या एका मलमाने आठ दिवस चेहरा गोरापान केला आणि मग दुप्पट बिघडवला. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं.

उधन्याजवळच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला नेलं. बाई गुजराती, पण पेशंट निम्मे खानदेशी, म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. त्यांनी आधी काही महिने लावायचं औषध आणि पोटात घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. गाठी बसल्या नाहीत, वर खड्डे पडू लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता आयसोट्रेटिनॉइन. चांगली दवा आहे. पण हिच्याबरोबर मस्करी नाय चालणार. बच्चा कधी पाहिजे?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

"नणंदेकडे काय बघते? तू सांग."

"एवढ्यात नको," वहिनी म्हणाली. "यांचंही तेच म्हणणं. घरचे मात्र वाट बघतात."

"घरच्यांना बघू दे."

मग बाईंनी जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून काढलं, कारण कॅप्सूलच्या पाकिटावरचा लाल चौकटीतला इशारा इंग्रजीत होता आणि आमच्या घरात इंग्रजी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. हे औषध चालू असताना दिवस राहिले तर गर्भाच्या मेंदूला, हृदयाला, चेहऱ्याला, कानांना गंभीर इजा होण्याचा धोका मोठा. गर्भ पडूही शकतो. म्हणून सुरू करायच्या आधी महिनाभर, चालू असेपर्यंत आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर आणखी महिनाभर दिवस राहता कामा नयेत. एकाऐवजी दोन उपाय वापरायचे. तिने रोजची गर्भनिरोधक गोळी घ्यायची, दादाने निरोध वापरायचा. कॅप्सूल एका वेळी महिन्याच्याच मिळणार आणि दर महिन्याला आधी लघवीची तपासणी, मग चिठ्ठी. लिव्हर आणि चरबीसाठी रक्त सुरुवातीला, महिन्याने आणि मग बाई सांगतील तेव्हा. आपली कॅप्सूल दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. रक्तदान करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर. हे सगळं मी दुकानात मोठ्या अक्षरांत जुळवून छापलं आणि कॅप्सूलच्या डब्याला चिकटवलं.

वहिनी म्हणाली, "ताई, शेवटी 'कामगार एकजुटीचा विजय असो' राहिलं."

रोजच्या गोळीचा महिना झाला, तपासण्या नीट आल्या, आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर घेतली. भरल्या पोटी, थोडं तेल-तूप खाल्लेलं असताना ती जास्त लागू पडते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा सुधारायच्या ऐवजी चिडला. बाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. मग ओठ फाटू लागले. हसताना ओठ चिरायचे म्हणून ती तोंड न उघडता हसायची. दिवसातून कितीदा तरी व्हॅसलिन. एकदा साडीवर नाकातून रक्ताचा थेंब पडला आणि तिने खडे बाजूला सारून आधी तो धुतला. डोळे कोरडे पडून खड्यांची चमक टोचायची, म्हणून डोळ्यांत थेंब. पिंढऱ्या दुखायच्या. बाई दर वेळी हेही विचारायच्या, "मन कसं आहे? उदास वाटतं? रडायला येतं?" वहिनी म्हणायची, "नाही." तिसऱ्या महिन्यात गाठी बसायला लागल्या. एका रात्री ती उताणी झोपली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी ही बातमी तिने मला दिली.

आईला वाचता येत नाही, त्यामुळे डब्यावर पत्रक असूनही तिला यातलं अर्धंच माहीत होतं. 'पिंपलची दवा' एवढं. रोजची गोळी वहिनीच्या शिलाईच्या डब्यात असायची.

श्रावणात कानबाई आली.

खानदेशी घर सुरतेत आलं तरी कानबाई सोबत येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी सजवून बसवायची, सोमवारी वाजतगाजत तापीला न्यायची. घराण्यातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून दळायचे, त्याचे पुरणाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या आणि खीर-तुपाबरोबर ते घराण्यातच संपवायचे. बाहेरच्याला तुकडा नाही. पौर्णिमेच्या आत संपलं पाहिजे. आमच्याकडे जळगाव, धुळे, सुरत मिळून सगळी भाऊबंदकी जमते आणि खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही.

आणि पाळी चालत नाही. त्यावरचा आमच्या गल्लीतला उपाय ठरलेला आहे. श्रावण लागला की मेडिकलवाल्याकडे पाळी लांबवायच्या गोळ्या संपतात. कोणी चिठ्ठी मागत नाही. सासू सुनेसाठी घेते, आई मुलीसाठी घेते, जशा अगरबत्त्या घ्याव्यात तशा. मी या गोळ्या घेत नाही. दर वर्षी यावरून आईशी भांडते आणि माझी तारीख आली तर दोन दिवस वेगळी बसून पुस्तक वाचते. त्यामुळे आईने माझा नाद सोडला होता. पण वहिनी घरची सून, रोट तिच्या हातचे. आईने गुरुवारी तिच्या हातावर स्ट्रिप ठेवली. "दिवसातून तीनदा घे. सोमवारी देवी उठली का बंद."

यापुढचं मला नंतर कळलं. वहिनीने विचार केला की या पाळी थांबवायच्या, त्याही पाळीच्याच. दोन्ही एकदम घेतल्या तर अंगाला जड होईल. तिने रोजच्या गोळ्यांचं पाकीट आठवडा बाकी असताना बंद केलं आणि आईच्या गोळ्या घेतल्या. सोमवारी देवी उठली, त्या गोळ्याही थांबल्या. रोजच्या गोळीचं नवं पाकीट पाळी आल्यावरच सुरू करायचं, असं तिच्या डोक्यात बसलेलं. म्हणून ती पाळीची वाट बघत राहिली. कॅप्सूल मात्र रोज रात्री चालू. सोमवारी रात्री पाहुणे गेले, घर रिकामं झालं. दादाला वाटलं, गोळी चालूच आहे, एक दिवस निरोध नसला तर काय.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मंगळवारी तिची महिन्याची तपासणी होती. लॅबवाल्याने विचारलं, "खाली पेट?" ती म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी आम्ही रिपोर्ट घेऊन बाईंसमोर बसलो. लिव्हर ठीक. लघवीची तपासणी निगेटिव्ह. बाई रक्तातल्या चरबीच्या आकड्यावर थांबल्या.

"ट्रायग्लिसराइड इतकं कसं वाढलं? मागच्या वेळी बराबर होतं. दवा वाढवते, पण असं नाय. सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही."

"एकदम काही नाही?"

"प्रसाद फक्त."

बाईंनी चष्मा काढला. "प्रसाद म्हणजे?"

"रोट होता, बाई. तूप लावून. आई म्हणाल्या, प्रसादाने उपास मोडत नाही, आणि तो पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो."

"आणि आठवडाभर?"

"आठवडाभर तेच. खीर आणि रोट."

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. "माझ्या मशीनला नाय ना कळत तुझी देवी. बारा तास उपाशी राहून परत रक्त दे." मग हसणं हळूहळू थांबलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "कानबाई होती ना? तुमच्यातल्या बायका त्या वेळी पाळीच्या गोळ्या घेतात. तू घेतल्या?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

"मग रोजची?"

"ती बंद केली होती."

"आणि आता?"

"पाळीची वाट बघतेय."

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी तारखा विचारल्या, कोणत्या दिवशी काय थांबलं, संबंध कधी आला, निरोध होता का. वहिनीने जमिनीकडे बघत सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजपासून कॅप्सूल बंद. हा निगेटिव्ह मी मानत नाय. इतक्या लवकर पकडत नाय तो. तातडीची गोळी पाच दिवसांच्या आत चालली असती, ती वेळ गेली. त्या रात्रीला तीन आठवडे झाले की रक्तातून बघू. तोपर्यंत निरोध, एकही दिवस चुकवायचा नाय. आज मी बायकांच्या डॉक्टरशी बोलून ठेवते."

"आणि असलं तर?" वहिनीने विचारलं.

"असलं तर आपण बसून बोलू. तुला काय करायचं ते तू ठरवायचं, कायदा तुझ्या बाजूला आहे. पण आज ते ठरवायचं नाय. बहुतेक काही नसेल. मला बहुतेक नको, पक्कं पाहिजे."

मी मध्येच बोलले. पाळी लांबवायच्या त्या गोळ्यांनी दिवस राहत नाहीत असं सगळ्यांना वाटतं, मेडिकलवाला काही सांगत नाही, हे थांबवायला हवं. बाई म्हणाल्या, "बेन, तुझं बराबर आहे. ती गोळी पाळी लांबवते, तिच्यावर भरोसा ठेवायचा नाय. पण हिला तर काही लांबवायला लागलंच नसतं. रोजचीच गोळी सुट्टी न घेता पुढे चालू ठेवली असती तर पाळी आली नसती. मला विचारायचं फक्त."

आम्ही रिक्षात बसलो. माझ्या डोक्यात तोपर्यंत मथळा पूर्ण झाला होता: 'देवीच्या नावाने औषधांचा बाजार'. मी तिला तो ऐकवला.

"छापू नका," ती म्हणाली.

"तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"ताई, आपल्या गल्लीत पत्रकात नाव नसलं तरी लोक घर ओळखतात." तिने ओढणी सोडून ओठांना व्हॅसलिन लावलं. "आणि मला सध्या घोषणा नकोत. मला पाळी हवी आहे."

मी तो मथळा पुसला नाही, पण छापलाही नाही.

पाळी आली नाही. आणि आमच्या एका खोलीच्या घरात ही गोष्ट लपत नाही. आईने कानबाईपुढे नातवाचा नवस बोललेला होता, भाऊबंदकीसमोर, मोठ्याने. आठ-दहा दिवस वर गेले तशी तिची चाल बदलली. पाण्याची बादली वहिनीच्या हातातून घ्यायची. "ठेव, मी आणस." भातावर तूप जरा जास्त. खड्यांचं काम कमी कर, डोळे दुखतील. शेजारणीशी बोलताना मला बघून गप्प व्हायची आणि गालात हसायची. तीच गोष्ट, जिची घर वाट बघत होतं, तिची वहिनीला भीती होती. आईचा हात मायेने पाठीवर फिरायचा आणि वहिनी ताठ व्हायची. आईला वाटायचं, गाठी दुखल्या.

मला बोलायचं होतं. जेवताना, भांडी घासताना, रोज. वहिनी डोळ्यांनी थांबवायची. दादा तर ताटातून मान वर काढत नव्हता. मी त्याला जिन्यात गाठून म्हटलं, "गोळी तिने चुकवली, निरोध तू." तो म्हणाला, "माहितीये." एवढंच. पण पुढच्या भेटीसाठी त्याने एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून सुट्टी मागितली, पगार कापून.

एका दुपारी आई हिरव्या बांगड्या घेऊन आली. वहिनीसमोर बसली आणि म्हणाली, "आते मी तुन्ही मायले फोन करस."

वहिनीने साडी बाजूला सारली. चिकटवायच्या गोंदाचं झाकण आधी नीट लावलं. मग म्हणाली, "आई, फोन नका करू."

"कसाले?"

"ज्या दवेने माझा चेहरा सुधारला ना, तिच्यात पोरगं राहिलं तर ते बरं निपजत नाही. म्हणून मी रोज एक गोळी घेत होते. राहू नये म्हणून. कानबाईच्या गोळ्या दिल्या तुम्ही, तेव्हा ती बंद केली. मला वाटलं दोन्ही नको. आता राहिलंय की नाही ते माहीत नाही. डॉक्टर बघणार आहेत."

मी दारात उभी होते. आई भडकेल, असं धरून मी माझी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. आईने बांगड्या मांडीवर ठेवल्या.

"मले सांगाले काय व्हयनं तुले?" ती म्हणाली. "मी इख दिधं का मग तुले?"

"विष नाही दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं."

"मी नवस बोलनी." आईचा आवाज अगदी खाली आला. "इकडे तू डरी राहिनी आनि मी तुले तूप वाढी राहिनी."

तिने मला विचारलं नाही, वहिनीलाच विचारलं: दवा बंद केल्यावर पुढे मूल होईल का. वहिनीने बाईंचं उत्तर सांगितलं. शेवटच्या कॅप्सूलनंतर महिना गेला की औषध अंगातून गेलेलं असतं, मग हवं तेव्हा मूल होऊ द्यावं, या औषधामुळे पुढे अडत नाही. आईने ते दोनदा म्हणून घेतलं. मग उठली, देव्हाऱ्याच्या खालच्या स्टीलच्या डब्यातून उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि माझ्या हातात दिली. "तू तं घेत नही. टाकी दे."

माझी वाक्यं तशीच राहिली. कोणाशी बोलायची, ते उरलंच नव्हतं.

तीन आठवडे भरले तेव्हा आम्ही चौघे गेलो. आईही. बारा तास उपाशी ठेवायची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती आणि आदल्या रात्रीपासून वहिनीला पाण्याशिवाय कशाला हात लावू दिला नव्हता. लॅबवाल्याने "खाली पेट?" विचारलं तेव्हा आईनेच सांगितलं, "प्रसादबी नही."

संध्याकाळी बाईंनी आत बोलावलं. खुर्च्या दोनच होत्या. वहिनी आणि दादा बसले, आई आणि मी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बाईंनी कागद वहिनीकडे फिरवला. "नाय आहे. आता पक्कं. आणि ट्रायग्लिसराइड पण खाली आलं."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती, आणि खालचा ओठ चिरून रक्ताचा ठिपका आला. दादाने खिशातून रुमाल काढून दिला. आई भिंतीकडे बघत होती.

बाईंनी पुढचं सांगितलं. पाळी येऊ दे, परत तपासणी, मग उरलेला कोर्स. गर्भनिरोधाचं या वेळी असं काहीतरी बघू जे सणावाराला बंद करता येत नाही. तांबीबद्दल त्यांनी समजावलं, बायकांच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. आणि दादाला म्हणाल्या, "तुझा उपाय पण चालूच राहणार. हा कागद तुझ्यासाठी पण आहे." दादाने शाळेतल्यासारखी मान हलवली.

आम्ही घरी आलो. आईने वरण फोडणीला टाकलं. वहिनीने साडी पसरली आणि खड्यांची पुडी उघडली. मी डब्यावर चिकटवलेलं माझं पत्रक काढून त्यात एक ओळ वाढवली: 'दुसरी कोणतीही गोळी, देवासाठी असली तरी, आधी डॉक्टरला विचारून.' आईने वळून बघितलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"बरं शे," ती म्हणाली. "आजून चार काढ. बाजूवालीले देसू."

वहिनीने मान वर केली. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी तिने डोळ्यांनी थांबवलं नाही.

फोडणी तडतडली. आई पळी हलवत, कोणाकडेही न बघता म्हणाली, "पन नवस मी मांगे नही लेत. कानबाईले सांगस, थोडी थांब."